तेवीस पांढऱ्या वस्त्या

नकाशेबाईंना खरं नावही होतं, पण आरोग्य खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर ते कुणी वापरत नसे. दर सोमवारी तापाच्या रुग्णांचा तक्ता आला की बाई तो नकाशावर चढवत. रुग्ण जास्त तिथे गडद तांबडा, कमी तिथे फिकट, एकही नाही तिथे पांढरा. तीन आठवडे शहर तांबडं होत चाललं होतं आणि उत्तरेच्या टेकड्यांवरच्या तेवीस वस्त्या मात्र पांढऱ्याशुभ्र होत्या. म्हणून तर बाईंनी आठ वर्षांच्या लेकीला आजीबरोबर तिकडे, धाकट्या बहिणीकडे पाठवून दिलं. आपलाच नकाशा बघून. शेजारणीला छातीठोकपणे सांगितलंसुद्धा, "तिकडे ताप नाहीच मुळी."

या सोमवारी दुपारी डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून टेबलाशी आले.

"बाई, तक्त्याची बेरीज सहाशे अकरा. तुमच्या नकाशाची चारशे अडतीस. एकशे त्र्याहत्तर माणसं कुठे सांडलीत?"

"सांडतील कशी? बघते."

तक्त्यात प्रत्येक वस्तीची एक ओळ आणि ओळीला संकेतांक. नकाशातल्या वस्तीच्या आकृतीलाही तोच. दोन्ही जुळले की आकडा आकृतीला चिकटतो. न चिकटलेल्या ओळी बाईंनी वेगळ्या काढल्या. बावीस निघाल्या आणि झाडून सगळ्या उत्तरेच्या. तिकडच्या नर्सताई मोबाइलवर मराठी कळफलकानेच माहिती भरत. त्यांनी लिहिलं होतं ०४०१, नकाशात होतं 0401. माणूस दोन्ही एकच वाचतो, पण संगणकाच्या लेखी ही चिन्हंच वेगळी. बरं, जुळलं नाही म्हणून तो ठणाणा करत नाही. ज्या आकृतीला काही मिळालं नाही ती तो रंगवतच नाही आणि खालचा कागद दिसत राहतो. कागद पांढरा. शून्याचा रंगही पांढरा, आणि तो बाईंनीच निवडलेला.

बाईंनी त्या बावीस ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या, पण वाचून काही बदलणार नव्हतं.

घाईत त्यांनी संकेतांकांचा रकाना सरळ संख्येत बदलून पाहिला, तर पुढचं शून्यच गळालं. उरलं 401. तेही जुळेना. मग शहाण्यासारखा मजकुराचा नवा रकाना घेतला आणि त्यात ० च्या जागी 0, १ च्या जागी 1, असे दहाच्या दहा अंक बदलायला लावले. ते होत असताना नजर शेजारच्या 'शेरा' रकान्यावर गेली. तो आजवर कुणी वाचलाच नव्हता.

'झोप फार.' खाली, 'झोप फार, उठवावं लागतं.' त्याच्या खाली, 'हाक मारली की ओ देतात, डोळे उघडत नाहीत.'

शहराच्या ओळींत असा एकही शेरा नव्हता.

बाईंनी तक्ता पुन्हा जोडला. टेकड्यांवर तांबडा चढला, शहरापेक्षाही गडद.

"जुळलं! सहाशे अकरा!" डॉक्टर म्हणाले. मग त्यांना रंग दिसला आणि ते चष्मा डोळ्यांवर ओढून पडद्याशी वाकले.

एक वस्ती अजून पांढरीच होती. 0423. बहिणीची.

"तिथे शून्य असेल," डॉक्टर हळूच म्हणाले.

"शून्य असतं तर तिथल्या नर्सताईंनी शून्य लिहिलं असतं. इथे ओळच नाहीये."

बाईंनी मागचे तक्ते काढले. पहिल्या आठवड्यात चार, मग नऊ, मग एकतीस. या आठवड्यात काहीच नाही. अंक बदलता येतात. न आलेली ओळ कशी बदलणार?

"त्या नर्सताई राहतात कुठे?"

"तिथेच," बाई म्हणाल्या. "बहिणीच्या शेजारी."

कालच बोलणं झालं होतं. मावशीला जरा कणकण आहे, बाकी सगळं ठीक, असं लेक म्हणाली होती. बाईंनी फोन लावला. दुसऱ्याच घंटेला लेकीने उचलला.

"आई, हळू बोल. सगळे झोपलेत."

"कोण सगळे?"

"मावशी, आजी. नर्सताई आजीला बघायला आल्या आणि खुर्चीतच झोपल्या. मी शेजारी पण जाऊन आले. हाक मारली की सगळे ओ देतात गं, पण येत कुणीच नाही."

डॉक्टरांनी एव्हाना दुसऱ्या फोनवर रुग्णवाहिका मागवली होती. बाई जिन्याकडे धावल्या.

"तू बरी आहेस ना, बाळा?"

"हो. मला पण झोप येतेय. थोडीशी झोपू?"

"अजिबात नाही! अंगणात जाऊन उभी राहा. मोठ्याने पाढे म्हण. मी येईपर्यंत थांबायचं नाही, कळलं?"

"बरं," लेक म्हणाली. "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा."

बाई एकेक पायरी सोडून उतरत होत्या. खाली रुग्णवाहिका सुरू झाल्याचा आवाज आला. टेकड्यांपर्यंत दीड तासाचा रस्ता होता.

"बे चोक..."

"आठ! म्हण, बाळा, आठ! ऐकतेयस ना?"

पलीकडे बराच वेळ काहीच आलं नाही.

"बाळा!"

"ओ," लेक म्हणाली.