आकृतीतलं उत्तर

घरी तिला धांदल म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. आज चाचणीआधीच्या सुट्टीतही तिचा पाय बाकाखाली थांबायला तयार नव्हता.

वर्षभर ती विज्ञानाच्या पानांचे फोटो काढून वकीलबाईसाठी मजकूर तयार करत होती. वकीलबाई म्हणजे तिची वर्गमैत्रीण, डोळ्यांनी दिसत नाही, पण वादात कुणाला ऐकत नाही. कामही काही सोपं नव्हतं. फोटोतून मजकूर काढणारं ॲप दोन रकाने आडवे वाचून खिचडी करायचं, मधली चौकट वाक्याच्या ऐन पोटात घुसवायचं. धांदल ओळी सोडवायची, चौकट परिच्छेदाखाली न्यायची, आकृतीचं वर्णन तिच्या उल्लेखापाशी बसवायची. मग ते सगळं वकीलबाईचा फोन तिला वाचून दाखवायचा.

आणि काल सरांनी नवाच विद्युत परिपथ तोंडी सांगितला, तर वकीलबाईला तो सोडवता येईना. सर वाईट नव्हते, पण म्हणाले, उद्याच्या चाचणीतही जमलं नाही तर यापुढे तुला आकृतीचे प्रश्नच नकोत, त्याऐवजी व्याख्या देतो.

धांदलीला वाटलं, एवढं मरमर लिहिलं, ते काय पाण्यात?

वकीलबाईने फोन पुढे सरकवला. स्वाध्यायातल्या आकृतीखाली धांदलीनेच लिहिलं होतं: ‘दिवा दोन समांतर जोडलेला आहे, म्हणून कळ खुली केली तरी तो पेटत राहतो.’

"हेच तर विचारलंय पुस्तकात," वकीलबाई म्हणाली. "वर्षभर मी एकही आकृती सोडवली नाही. सगळ्या तूच सोडवल्यास."

धांदलीला राग आला, मग लाज वाटली. मदत करायला गेली आणि विचारसुद्धा स्वतःच करून मोकळी झाली. अतिशहाणी कुठली! तिने पुस्तकातली पुढची आकृती उघडली आणि दिसतं तेवढंच लिहिलं: ‘बॅटरीच्या धन टोकापासून तार ‘क’ बिंदूला येते. तिथून दोन फाटे. पहिल्यावर कळ आणि दिवा एक. दुसऱ्यावर फक्त दिवा दोन. दोन्ही फाटे ‘ख’ ला मिळतात. ‘ख’ पासून दिवा तीन, मग ऋण टोक.’ पुढे प्रश्न: कळ खुली केली तर कोणता दिवा विझेल?

वकीलबाईने दोनदा ऐकलं. बाकावर बोट फिरवलं. "दिवा तीनसुद्धा विझेल."

चूक! धांदलीची जीभ वळवळली. तिने ओठ दाताखाली धरले, पाय दुसऱ्या पायाने दाबून ठेवला. एवढा वेळ गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

बोट पुन्हा ‘क’ पाशी गेलं, थबकलं, दुसऱ्या फाट्याने ‘ख’ पर्यंत आणि तिथून ऋण टोकाला पोहोचलं.

"नाही, थांब. विझेल तो फक्त पहिला," वकीलबाई म्हणाली. धांदल तोंड उघडणार तोच तिने हात वर केला. "बरोबर आहे का ते सांगू नकोस. पुढची आकृती लिही."