जुन्यावर लिहायचं नाही

घाटकोपरच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये डेटाबेस सांभाळायचं काम चेतना तांडेलकडे होतं. सगळ्यांचे रिपोर्ट त्या डेटाबेसमध्ये. तो बिघडला तर बॅकअपमधून परत कसा उभा करायचा, याचं एक पान तिने लिहिलं आणि आयटी मॅनेजर सहदेव सरांच्या टेबलावर ठेवलं.

सर वाचून हसले. "हे रिसेप्शनवाल्यांसाठी? रिस्टोर म्हणजे काय चहा टाकणं आहे?"

"रात्री इथे रिसेप्शनवालेच असतात, सर. तुम्ही नसता, मीही नसते."

"मग सकाळपर्यंत थांबायचं."

"पेशंट थांबतो का?"

तिने वाद तिथेच सोडला आणि रात्रपाळीच्या कॉस्मस परेराला दुपारी बोलावलं. कॉस्मस खारदांड्याचा, पन्नाशीचा, रिसेप्शनवर बसून नमुने घेणारा, बारकोड लावणारा माणूस. चाचणीच्या कॉम्प्युटरसमोर त्याला बसवून ती मागे उभी राहिली.

दुसऱ्याच ओळीला तो थांबला. "टार्गेट व्हेरिफाय कर म्हणजे काय गं? सरळ लिही ना."

तिने ओळ खोडून लिहिलं: नवीन डेटाबेसच्या नावात आजची तारीख आहे ना, ते वाच. तो अकरा ठिकाणी अडला, तिने अकरा ठिकाणी खोडलं. तिसऱ्या खेपेला तो एकटा शेवटपर्यंत गेला.

पानावर आता होतं: आधी रिपोर्टचं सॉफ्टवेअर बंद कर, म्हणजे कोणी नवीन नोंद करणार नाही. बॅकअपच्या फाइलचा आकार बघ. चाळीस जीबीपेक्षा कमी असेल तर ती अर्धवट आहे, आदल्या दिवशीची घे. दुसऱ्या डिस्कवर नव्या नावाने रिकामा डेटाबेस बनव आणि बॅकअप त्यातच उतरव. जुन्यावर लिहायचं नाही, तो पुसायचाही नाही. मग पाच पेशंटचे रिपोर्ट उघडून फायलीतल्या छापील कागदाशी जुळव. जुळले तरच सॉफ्टवेअर नव्याला जोड. कुठेही पानावर नसलेलं काही दिसलं तर कीबोर्डवरून हात काढ.

सगळ्यात खाली होतं: हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. सहदेव सरांनी त्यावर लाल रेघ मारली. चेतना ते पान घेऊन लॅबच्या मुख्य डॉक्टर विमला राऊतांकडे गेली. त्यांनी वाचून रेघेशेजारी "ठेवा" लिहिलं आणि सही केली.

ऑगस्टमध्ये चेतना रजेवर मालवणला गेली. त्याच आठवड्यात एका पहाटे पावणेतीनला स्क्रीनवर रिपोर्ट उघडेनासे झाले. डेटाबेसच्या डिस्कचा एक भाग बिघडला होता. वाकोल्याच्या एका नर्सिंग होममधून डेंग्यूच्या मुलीच्या प्लेटलेट्ससाठी फोनवर फोन येत होते. तिचा आकडा कॉस्मसने मशीनच्या कागदावरून वाचून दाखवला. पण कालचा किती होता, हे डॉक्टरांना हवं होतं आणि तो डेटाबेसमध्ये अडकला होता.

चेतनाला रेंज नव्हती. कॉस्मसने सरांना उठवलं.

"लेटेस्ट बॅकअप घे आणि आहे त्याच्यावरच टाक," सर म्हणाले. "पटकन होईल."

"फाइल नऊ जीबीची आहे, सर. पानावर चाळीस लिहिलंय."

"पान गेलं उडत! मी सांगतोय ना?"

कॉस्मसच्या नोकरीची अठरा वर्षं झाली होती, पेन्शन नव्हती. "सर, तुम्ही इथे येऊन तुमच्या हाताने टाका. मी जुन्यावर लिहिणार नाय."

"उद्या नोकरी नसेल तुझी!"

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सॉफ्टवेअर बंद केलं. आदल्या दिवशीची फाइल घेतली, एक्केचाळीस जीबी. नवीन डेटाबेस, नवीन नाव, तारीख मोठ्याने वाचली. रिस्टोर सुरू झालं. पन्नास मिनिटं तो खुर्चीत ताठ बसून होता. पाच रिपोर्ट कागदाशी जुळवले, पाचही जुळले. सव्वाचारला सॉफ्टवेअर चालू झालं. वाकोल्याच्या डॉक्टरांना सांगितलं, "एक दिवस मागचं आहे सगळं. कालचं नाय, पण परवाचा आकडा देतो." डॉक्टर म्हणाले, तेवढ्यानेही कल कळतो.

दुपारी रेंज मिळाल्यावर चेतनाने मालवणहूनच लॅपटॉपवर बघितलं. नऊ जीबीची फाइल अर्ध्यावरच तुटली होती. ती जुन्यावर टाकली असती तर मधल्या दिवसाचं सगळंच गेलं असतं. जुन्या डेटाबेसवर काही लिहिलं गेलं नव्हतं म्हणून त्या दिवसाचे बहुतेक रिपोर्ट तिला त्यातून काढता आले. उरलेले सतरा तिने दिवसपाळीच्या, रात्री कुलपात असणाऱ्या रजिस्टरवरून भरून घेतले.

सहदेव सरांनी कॉस्मसकडे लेखी खुलासा मागितला: वरिष्ठांचं का ऐकलं नाही?

कॉस्मसने कोऱ्या कागदावर लिहिलं: "कारण ते चुकीचं सांगत होते." खाली नाव, तारीख, वेळ टाकली, त्याची झेरॉक्स डॉक्टर विमलांच्या टेबलावर ठेवली आणि रात्री नेहमीच्या वेळी कामावर आला.