मानाचं नाव आधी

माझे थोरले मेव्हणे मिठाई उत्तम करतात. दुर्दैवाने त्यांना मतंही आहेत.

सासऱ्यांनी उभं केलेलं ‘साजिरी’ हे दुकान आता तेच चालवतात. वर्षाच्या सुरुवातीला बरोबर समोर ‘चांदणी’ उघडलं, काचेचं, झगमगीत, आणि आमचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडू लागलं. सणाची विक्री झाली नाही तर दुकान विकावं लागेल, असं मेव्हण्यांनी बहिणीला रडवेल्या आवाजात सांगितलं. बायकोने ते मला सांगितलं. मी पोटापाण्यासाठी जाहिरातींची गाणी लिहितो, तेव्हा सुटका नव्हतीच.

मेव्हण्यांनी गाण्यात काय हवं ते सांगितलं: सासऱ्यांचं पूर्ण नाव, स्थापनेचं साल, फोन नंबर, ‘शुद्ध, स्वच्छ आणि दर्जेदार’, शिवाय गाडी लावायची सोय. मी ते सगळं चालीत बसवलं आणि त्यांनाच म्हणायला लावलं. फोन नंबरापाशी त्यांना ठसका लागला. मग मी समजावलं, की जिंगल एका श्वासात मावली पाहिजे. ओळी आखूड आणि सारख्या हव्यात, टाळी जिथल्या तिथे पडली पाहिजे. ओळीच्या शेवटी आ किंवा ई असावी, म्हणजे पोरांना हवं तेवढं ताणता येतं. जोडाक्षरात जीभ अडखळते, म्हणून ती कमी.

मी दोन ओळी लिहून नेल्या:

*पाहुण्यांची हाजिरी,*
*ताटामध्ये साजिरी!*

बायकोला एकदाच ऐकवल्या होत्या, तर भांडी घासताना ती त्याच गुणगुणत होती. आमच्या घरात याहून मोठी परीक्षा नाही. मेव्हण्यांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

“जावईबापू, दुकानाचं नाव शेवटी? बाबांना काय मागच्या रांगेत बसवायचं? मानाचं नाव आधी येतं.”

मी म्हटलं, गाण्यात मानाची जागा शेवटचीच. तिथे यमक असतं आणि यमक म्हणजे कुलूप. हाजिरीपुढे साजिरीच येणार, दुसरं नाव घातलं तर कानाला खटकतं. पण मेव्हण्यांपुढे यमक म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बायकोने डोळ्यांनीच सांगितलं, दादाचं ऐका. मी ऐकलं, आणि हे झालं:

*साजिरीची मिठाई,*
*सणाला करा घाई!*
*डबा उघडा, बाई,*
*उरत नाही काही!*

गाणं वाईट नव्हतं. यमक मिठाई-घाईचं, नाव मात्र सुरुवातीला मोकळं. मी त्यांच्यासमोरच ‘चांदणीची मिठाई’ असं म्हणून दाखवलं. तीन अक्षरं गेली, तीन आली, चालीला पत्ताही लागला नाही. मेव्हणे पोट धरून हसले. आमचं गाणं त्यांच्या नावाने म्हणायला लोक काय वेडे आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सणाच्या आठवड्यात त्यांनी दारावर मोठा कर्णा बांधला. त्याचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे थेट ‘चांदणी’च्या दारात. पहिल्या दिवशी आमच्याकडे रांग लागली आणि मेव्हण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू गाणं त्यांनीच लिहिलं असावं.

दुसऱ्या दिवशी चांदणीवाल्याने खर्च काहीच केला नाही. त्याने फक्त चार नोकर दारात उभे केले. आमचा कर्णा ‘साजिरी’ म्हणायला लागला, की ते चौघे एकदम ‘चांदणी’ ओरडायचे. पुढचं सगळं आमचा कर्णा इमानेइतबारे पूर्ण करायचा: ची मिठाई, सणाला करा घाई. लोकांना मजा वाटली. संध्याकाळपर्यंत ओरडायला नोकरांची गरज उरली नाही, रस्ताच ओरडत होता. आणि गाण्यात सांगितल्याप्रमाणे लोक घाई करत होते, समोरच्या दुकानात.

मेव्हण्यांनी यावर उपाय काढला. त्यांनी आवाज वाढवला.

सण संपला तेव्हा आमच्या कपाटांत तयार मिठाईचे थर तसेच होते. मेव्हणे शटर ओढत होते आणि ओढता ओढता गुणगुणत होते, “चांदणीची मिठाई…” दुसऱ्या ओळीवर त्यांच्या लक्षात आलं आणि ते पायरीवरच बसले. मला त्यांचा राग होता, पण त्या क्षणी वाईटही वाटलं. सासऱ्यांचं दुकान होतं ते.

मग ते म्हणाले, “ते हाजिरीवालं अजून आहे का तुमच्याकडे?”

“आहे.”

“मग पुढच्या सणाला तेच लावू. फक्त त्यात साजिरी आधी घ्या.”

पुढचा सण आलाच नाही. महिन्याभरात दारावर पाटी लागली. मजकूर मेव्हण्यांनी स्वतः केला होता, मला विचारलं नाही. वर ठसठशीत अक्षरांत ‘साजिरी’, खाली सासऱ्यांचं पूर्ण नाव, मग स्थापनेचं साल, फोन नंबर, गाडी लावायची सोय, आणि अगदी तळाला, जागा उरली तेवढ्यात, ‘विकणे आहे’.

येणारे-जाणारे वाचायचे. त्यांच्या लक्षात शेवटचे दोन शब्द तेवढे राहायचे.