गुडघा आणि अर्धशिशी

"मावशीला कुणीतरी सांगा, पानाला कडा असतात म्हणून," पार्टिशनच्या पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. "दर आठवड्याला साठ शब्द जास्त. लोकांची दुःखं संपतील, हिचा सल्ला संपत नाही."

पुटपुटणारी आमची पानं लावणारी. मावशी म्हणजे मी. साप्ताहिकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर 'मावशीला विचारा' हे सदर मी अकरा वर्षं चालवते. त्याआधी इथेच मुद्रितं तपासत होते. शिक्षण विचाराल तर शाळेपुरतं. बाकीचं मी लोकांच्या पत्रांवरून शिकले.

"साठ नाही, चाळीस," मी पार्टिशनला सांगितलं आणि पुढचं पत्र उघडलं.

पत्र हाताने लिहिलेलं होतं, खाली सही 'रिकामी खुर्ची'. वय चौतीस. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तीन वर्षांपासून एकाशी जमलं आहे, तो लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस वाईट नाही. हात उगारत नाही, खोटं बोलताना कधी सापडला नाही. फक्त येत नाही.

'मावशी, मी तारखाच देते,' तिने लिहिलं होतं. 'फेब्रुवारीच्या आठ तारखेला माझ्या बहिणीला भेटायचं होतं. लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ अडकले. मार्चच्या एकोणीसला नाटक. त्याच्या आईचा गुडघा सुजला. एप्रिलच्या सहाला मी माझ्या वाढदिवसाला चौघांना बोलावलं होतं. त्याच्या आईचं ब्लडप्रेशर वाढलं. मेच्या अकराला पुन्हा गुडघा. यातल्या कशावर रागवायचं, सांगा. म्हाताऱ्यांना अडकून राहू दे म्हणू? आईला कळवळू दे म्हणू? मी रागावले की मीच दुष्ट ठरते. आता मला दुसऱ्या गावातल्या नव्या दुकानाची प्रमुख म्हणून बोलावलंय. तीस तारखेपर्यंत कळवायचंय. त्याच्याशी बोलून ठरवीन म्हणते, तर बोलायला ठरवलेली वेळही तीनदा रद्द झाली. मी थांबू की जाऊ?'

असली पत्रं मला महिन्याला चार येतात. उत्तरही ठरलेलं. सबब खरी की खोटी, ते शोधत बसू नका, कारण चांगली सबब बहुधा खरीच असते. दोनच गोष्टी बघा. एक, रद्द करणारा माणूस स्वतःहून पुढची तारीख देतो का? ज्याला यायचं होतं आणि जमलं नाही, तो 'सॉरी'च्या पाठोपाठ 'गुरुवारी चालेल का' म्हणतो. ज्याला यायचंच नव्हतं, तो 'सॉरी'वर थांबतो आणि सुटल्यासारखा श्वास सोडतो. दोन, काय रद्द होतं आणि काय होत नाही? तो सहज येऊन तुमच्याकडे जेवून जातो ते कधीच रद्द होत नसेल आणि ज्यातून पुढे काही ठरणार ते प्रत्येक वेळी रद्द होत असेल, तर प्रश्न वेळेचा नाही.

एवढं मी खरडलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो.

आता शहरात लिफ्टा शेकडो आणि दुरुस्त करणारेही शेकडो. मी स्वतःला तसं समजावलं. पण घरी गेल्यावर चपला न काढताच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभी राहिले. लेक त्याच्या मैत्रिणीला घेऊन जेवायला येणार असला की मी तारखेभोवती गोल करते, नाही आला की गोलावर काट मारते आणि बाजूला कारण लिहिते. मार्च एकोणीस : तिची अर्धशिशी. एप्रिल सहा : अर्धशिशी. मे अकरा : अर्धशिशी, उलट्या. फेब्रुवारी आठ : लिफ्टमध्ये म्हातारे.

म्हातारे तेवढे खरे असावेत.

गेली दोन वर्षं मी त्या न बघितलेल्या मुलीची काळजी करत होते. किती नाजूक प्रकृती, डोळ्यांची एखादी तपासणी करून घ्यावी बाईने, असंही मी एकदा म्हणाले होते. लेक म्हणाला, "सांगतो तिला." डोळे तपासणाऱ्या बाईला! आणि तिकडे ती माझ्या गुडघ्याची काळजी करत होती. माझा गुडघा! मी तीन मजले पिशवी घेऊन चढते.

तो तिच्याकडे नव्हता, माझ्याकडेही नव्हता. आम्ही दोघी एकमेकींच्या सबबी होतो.

दुसऱ्या दिवशी संपादकांपुढे पत्र ठेवलं. आमच्याकडे नियम कडक आहेत : ओळखीच्या माणसाचं पत्र घ्यायचं नाही आणि पत्र लिहिणाऱ्याला पानाबाहेर भेटायला जायचं नाही.

"ओळखीची आहे?" संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हिला मी जन्मात पाहिलेलं नाही," मी म्हणाले. "चार वेळा पाहणार होते, प्रत्येक वेळी रद्द झालं."

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं. "मावशी, हे सोडून द्या. दुसरं पत्र घ्या. मुलगा तुमचा आहे."

"म्हणूनच सोडणार नाही. परक्या बाईच्या मुलाबद्दल मी अकरा वर्षं फटाफट लिहिलं. आता स्वतःच्यापाशी आले आणि जीभ गिळू?"

"तिला फोन करायचा नाही. भेटायचं नाही. आणि ओळख पटेल असं काही छापायचं नाही."

"नाही करणार. छापेन ते नियमात बसेल."

गुरुवारी अंक निघाला. लिफ्टचे मी नळ केले, चष्म्याचं दुकान औषधांचं केलं, तारखा काढून टाकल्या. उत्तरात त्या दोन गोष्टी लिहिल्या आणि शेवटी : 'त्याच्या आईची तब्येत त्याला विचारू नका. तिलाच फोन करा. आजारी बायकांना आपल्या आजाराबद्दल बोलायला आवडतं.' पानं लावणारीने एक शब्दही कापला नाही. पार्टिशनवरून नुसती मान वर काढून बघितलं आणि खाली घातली.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"काकू, तुम्ही मला ओळखत नाही," आवाज जरा घाबरलेला, पण स्पष्ट. "आई पडली-बिडली तर म्हणून त्याने तुमचा नंबर देऊन ठेवला होता. तुमचा गुडघा कसा आहे?"

"ठणठणीत. तुझी अर्धशिशी?"

"मला आयुष्यात कधी डोकेदुखी झालेली नाही, काकू."

"वाटलंच. रविवारी बाराला जेवायला ये. मी त्यालाही बोलावते, नेहमीसारखं. तूही त्याला बाराला कुठेतरी बोलाव, नेहमीसारखं. माझ्याकडे येतेयस हे मात्र सांगू नकोस."

"तो कुणाला हो म्हणेल?"

"दोघींनाही," मी म्हणाले. "पोटच्या पोराला ओळखते मी."

रविवारी ती आली. उंच, आखूड केसांची, हातात फुलं नाहीत की काही नाही. मला ते आवडलं. टेबलाशी बसली आणि तिची नजर कॅलेंडरवर गेली. उठून जवळून वाचलं. डोळे तपासणाऱ्यांची सवय, एकेक ओळ सावकाश.

"अर्धशिशी, उलट्या," ती म्हणाली. "उलट्यासुद्धा?"

"मे महिन्यात तू फारच आजारी होतीस."

ती हसली नाही. मग एकदम हसली, इतकी की तिला खुर्ची धरावी लागली. तेवढ्यात, सदरातली मावशी मीच, हे मी सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्ही मला तुम्हालाच फोन करायला सांगितलंत?"

"दुसऱ्या कुठल्या आजारी आईचा नंबर मला माहीत नव्हता. रागावलीस तर चालेल. तो हक्क तुझा आहे."

"नंतर रागावते," ती म्हणाली. "आता काकू म्हणू की मावशी?"

"आधी भाजी वाढून घे."

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी माझा फोन थरथरला. 'आई, सॉरी. हिचं डोकं दुखतंय. थांबावं लागेल.' दोन मिनिटांनी तिचा, त्याच टेबलावर, मिठाच्या डबीशेजारी. 'सॉरी. आईचं प्रेशर वाढलंय. निघालोय तिकडे.'

आम्ही दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून बघितले. पुढची तारीख एकातही नव्हती.

"डबा भरा काकू," ती म्हणाली. "मला त्याचा पत्ता पाठ आहे."

त्याच्या इमारतीची लिफ्ट सुरेख चालते, स्वतः बघतो ना. वर जाताना तिने फोन काढला, नव्या दुकानाच्या मालकाला दोन शब्द लिहिले, मला दाखवले : 'हो. येते.' आणि पाठवून दिले.

"त्याचं ऐकायच्या आधीच?" मी विचारलं.

"त्याचं तीन वर्षं ऐकलं. आज माझं ऐकू दे."

दार उघडलं तेव्हा लेक बनियनवर होता, हातात स्क्रूड्रायव्हर, मागे टेबलावर उघडलेला रेडिओ. दुसरी बाई नाही, पत्ते नाहीत, दारू नाही. एक माणूस आपल्या घरात निवांत बसलेला. आम्हा दोघींना एकत्र बघून त्याचा चेहरा पडला. डबा मी त्याच्या हातात दिला.

"आई, तुझं प्रेशर..."

"प्रेशर गेलं खड्ड्यात. बस."

तो बसला. "मी निघणारच होतो. तेवढ्यात कंपनीचा फोन..."

"एक मिनिट," मी म्हणाले. "आधी माझा वाटा मी उचलते. तुझे बाबा तुझ्या शाळेत कधी आले नाहीत. मी दारात उभी राहून सांगायचे, कामावर अडकले. ते कामावर नसत, पलंगावर असत. त्यांना यायचं नसायचं. ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू शिकलास ते माझ्याकडून. त्यांची सबब मी सांगायचे, तुझी सबब मीच झाले. आता पुरे. या घरात माझा गुडघा पुन्हा दुखणार नाही."

तो स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला. ती खुर्चीवर ठेवलेले रेडिओचे स्क्रू बाजूला करून त्याच्या समोर बसली.

"मी हो कळवलंय," ती म्हणाली. "एक तारखेला जातेय. त्यामुळे तुझ्या उत्तराने माझं काही अडत नाही. येतोस का, असं विचारायला मी आलेच नाही. फक्त आजच्या दिवशी कुणाला आजारी पाडू नकोस. लिफ्टमध्ये कुणाला अडकवू नकोस. उघड्या डोळ्यांनी एक वाक्य सांग. तेवढं माझं देणं लागतोस."

"तसं नाही गं, तू गैरसमज..."

"एक वाक्य."

माझ्या तोंडावर आलं होतं, त्याच्या वतीने. पस्तीस वर्षांची सवय, पोराला घास चावून द्यायची. मी दोन्ही ओठ आत ओढून घेतले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. मान वर केली, पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"मला तुझ्याबरोबर संसार करायचा नाहीये," तो म्हणाला. "कधीच करायचा नव्हता."