महादेवकाकांचं अरबीतलं पत्र

नुसरतच्या घरी मी बिट्टीला मांडीवर घेऊन बसले होते आणि समोरच्या पडद्यावर माझा नवरा उजवीकडून डावीकडे लिहिला जात होता. आधी पासपोर्टवरचं नाव, मग देश, जन्मतारीख, विवाहित, अपत्य एक. "ही घ्या तुमची पोरगी," असं म्हणून नुसरतनं एका ओळीवर बोट ठेवलं. मी बिट्टीला ते दाखवलं. तिनं पडद्याला थुंकी लावली.

नुसरत माझ्याच वयाची. तिचे वडील जेद्दाला ड्रायव्हर होते, आठवीपर्यंत ती तिकडेच शिकली. आता बैदपुऱ्यातल्या या खोलीत पोराला झोळीत टाकून ती आखाती देशांत जाणाऱ्यांचे कागद अरबीत करून देते. माझा नवरा गजेंद्र एसी आणि कोल्डरूमचा तंत्रज्ञ. तिकडच्या बुरैदा नावाच्या गावी खजुराची शीतगृहं सांभाळणारी एक कंपनी आहे. तिथला साहेब फक्त अरबी वाचतो, म्हणून बायोडाटा अरबीत, वर चार ओळींची ओळख, आणि सोबत मालकाचं अनुभवपत्र. पत्र आणि बायोडाटा एकमेकांशी जुळले पाहिजेत, असं अमरावतीच्या एजंटनं, धर्मेंद्रनं, बजावून सांगितलं होतं.

पत्र महादेवकाकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. जठारपेठेत त्यांचं एसी दुरुस्तीचं दुकान. गजेंद्र अचलपूरहून आला तेव्हा मिसरूड फुटायची होती. काम तिथंच शिकला, आमचं लग्नही काकांनीच जुळवलं. पत्रात होतं: 'गजेंद्र माझ्या पोटच्या पोरासारखा आहे. दुकानाचा सारा कारभार त्याच्याच हाती. मी नुसता गल्ल्यावर बसतो. खरं पाहता मालक तोच.'

नुसरत थबकली. "भाभी, हे जसंच्या तसं घालू? ओळखीतही असंच घ्यावं लागेल मग."

"घाल ना. एवढ्या मायेनं लिहिलं त्यायनं. एक शब्द सोडू नको."

तिनं एक शब्द सोडला नाही.

आठवडा गेला आणि धर्मेंद्रचा फोन आला. गजेंद्र कामावर होता, मीच उचलला.

"वहिनी, तुमी तं नवऱ्याले शेठ करून टाकलं!"

"काय झालं भाऊ?"

"कंपनी म्हनते, आमाले तंत्रज्ञ पाहिजे, व्हिसा तंत्रज्ञाचा हाय. हा तं दुकानाचा मालक दिसून राहिला. मालक मानूस इथं येऊन दुसऱ्याच्या हाताखाली कावून पाना धरन? एक तं खोटं बोलून राहिला, नाई तं इथं आला की पळून जाईन. कागद वापस केले त्यायनं."

"मग आता?"

"साधं पत्र आना. कोनत्या तारखेपासून, कुठपर्यंत, पद काय, काम काय. खाली सही-शिक्का. बाकी माया-बिया काई नको. आन् गुरुवारच्या आत द्या, शुक्रवारी तिकडे सुट्टी असते."

संध्याकाळी गजेंद्रला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "काकाले मी नाई म्हनू शकत, का मले नोकर लिहा म्हनून."

"मी म्हनते."

"वर्षाली, त्यायले लागन ते."

मला ठाऊक होतं. पण दुकानावरची नवी पाटीही मला ठाऊक होती. 'महादेवराव अँड सन.' पाटी लागली त्या दिवशी गजेंद्रनंच शिडी धरली होती. घरी येऊन त्यानं धर्मेंद्रचा नंबर शोधून काढला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बिट्टीला कडेवर घेऊन दुकानात गेले. गजेंद्र मागे एका इनडोअर युनिटची जाळी धूत होता. काकांनी बिट्टीला ओढून घेतलं.

"या म्हातारीले आज काय दुरुस्त करायचं हाय?"

मी हसले नाही. काय झालं ते सरळ सांगितलं. काका ऐकत राहिले, बिट्टी त्यांच्या चष्म्याशी खेळत राहिली.

"म्हंजे मी त्याले नोकर म्हनू?"

"नोकर नाई काका. तंत्रज्ञ."

"एकच झालं. अवं, मी कदी हजेरी मांडली का त्याची? दुकान तुयंच हाय, असं रोज म्हनतो मी त्याले. इचार."

मागे पाण्याचा आवाज थांबला होता. गजेंद्र ओल्या हातांनी उभा होता. बोलायचं मलाच होतं.

"काका, दुकान त्यायचं असतं तं ते खजुराच्या गोदामात कावून गेले असते?"

हे असं तोंडातून निघेल असं मला वाटलं नव्हतं. काकांनी बिट्टीला हळूच माझ्याकडे दिलं. आतून लेटरहेड काढलं.

"सांग. काय लिहू?"

मी धर्मेंद्रचं सांगणं पुन्हा सांगितलं. पद: वातानुकूलन व शीतकरण तंत्रज्ञ. काम: कॉम्प्रेसर बदलणं, गळती शोधणं, गॅस भरणं, कोल्डरूमची देखभाल. ते जपून, गोल अक्षरात लिहीत होते.

"आन् कुठपर्यंत?"

"कुठपर्यंत म्हंजे?"

"नोकरीले सुरवात असते तसा शेवटही असतो ना, बाई," काका म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता त्यांनी उरलेली ओळ भरली, सही केली, शिक्का मारला. "कोल्डरूमवाल्याचा फोन येऊन गेला, गजेंद्र. मी गोपालले धाडतो." गोपाल म्हणजे त्यांचा मुलगा, पाटीवरचा 'सन'.

पत्राची घडी माझ्या हातात होती. ती उघडून पाहावी असं मला वाटलंच नाही.

बुधवारी सकाळीच आम्ही दोघं नुसरतकडे गेलो. तिनं जुनी ओळख पुसली, नवी लिहिली आणि आम्हाला हिंदीत वाचून दाखवली. तंत्रज्ञ. मालकाच्या देखरेखीखाली काम केलं. काम शिकलेला, सांभाळून करणारा. गजेंद्र प्रत्येक वाक्यावर मान हलवत होता, जणू दुसऱ्याच कुणाची ओळख होत होती. मग ती अनुभवाच्या ओळीवर आली आणि थांबली.

"भाई, काम छोड दिया क्या?"

"नाई तं."

"चालू असलं की आम्ही 'आजतागायत' लिहितो. इथं तारीख टाकली आहे. परवाची. म्हणजे परवा काम संपलं." तिनं पत्र आमच्याकडे फिरवलं. काकांचा गोल आकडा, खाली शाई फुटलेला शिक्का. "चुकून असंल. बदलून आणता का? अजून वेळ आहे."

मी गजेंद्रकडे पाहिलं. काकांच्या हातून आकडा चुकत नाही. परवाच्या सकाळपासून कालच्या रात्रीपर्यंतचा सगळा वेळ मी मनात उलटा फिरवला. काल कोल्डरूमवर गोपाल गेला होता. गजेंद्र दुकानात बसून होता, कुणी काम सांगितलं नव्हतं.

"अवो, जाऊन इचारा एकदा. रागात लिहिलं असन त्यायनं," मी म्हटलं. "कंपनीचं अजून कायीच पक्कं नाई. तिकडे प्रॅक्टिकल परीक्षा हाय, मेडिकल हाय, व्हिसा हाय. तोवर—"

"आपनच तं मागितलं होतं, सुरवात आन् शेवट." त्याचा आवाज शांत होता, तोच मला सहन होईना. "लिहा ताई. जे पत्रात हाय तेच लिहा. नाई तं पुन्हा जुळनार नाई."

नुसरतनं माझ्याकडे पाहिलं. तिनं तारीख टाकली.

तिथून बाहेर पडलो तेव्हा दुकान उघडायची वेळ झाली होती. जठारपेठेकडे वळायचा रस्ता आला. गजेंद्रनं गाडी हळू केली, तिथं थोडा वेळ उभी ठेवली, आणि मग सरळ घराकडे घेतली.