प्रितमची जॉइनिंग डेट

हुशार माणसं मेल लिहायला बसली की त्यांच्या डोक्याला काय होतं, देव जाणे. आमचा प्रितम विम्याच्या क्लेमच्या मॉड्यूलमधला कसलाही बग चहा गार व्हायच्या आत शोधतो. आणि स्वतःच्या नोकरीचा मेल मात्र त्याने नेटवरून ढापला. मला कळलं तेव्हा मेल जाऊन दोन दिवस झाले होते.

मी श्रुतिका. मरोळला एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. प्रितम चार वर्षं माझ्या टीममध्ये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने राजीनामा टाकला तेव्हा मी त्याला हसून शुभेच्छा दिल्या आणि पुढचे आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. लेक सासरी निघाली की आई उगाच भांडी आपटते ना, तशी कीबोर्ड आपटत होते. त्याला नोकरी लागली होती मुलुंडच्या कंपनीत. एक्स-रे वाचून डॉक्टरला मदत करणारं सॉफ्टवेअर बनवतात ते लोक. दोन वर्षांपूर्वी तिथेच तो शेवटच्या राउंडला गळला होता आणि आमच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला होता. मीच त्याला खाली टपरीवर नेऊन कटिंग पाजला होता. त्यामुळे त्याला थांब म्हणायची सोय नव्हती. राग मात्र येत होता, त्याला मी काय करू?

तर त्या गुरुवारी दुपारी तो माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"मॅम, जरा खाली येता?"

"बग आहे?"

"नाही. वाट लागलीये."

टपरीवर त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. मुलुंडच्या एचआरचा मेल होता. भाषा गोड, मजकूर कडू. एक सप्टेंबर ही तारीख तुम्हीच कबूल केली होती, त्या दिवशी येताय का ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर ऑफर रद्द समजावी.

"आणि तू काय लिहिलं होतंस त्यांना?"

त्याने खाली सरकवून दाखवलं. इंग्रजीत मोठा फुलोरा. मथितार्थ एवढाच की काही अपरिहार्य घरगुती कारणामुळे जॉइनिंगची तारीख ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलावी, ही नम्र विनंती.

"घरगुती कारण! अरे गाढवा, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांत मी बसते. ऑफर घेतल्यावर ज्याला ज्याला घरगुती कारण निघतं ना, त्याच्या खिशात दुसरी ऑफर असते. तुमचा कागद तिसऱ्याला दाखवून तो पगार वाढवून घेत फिरत असतो. त्यांना वाटलं, तू पण त्यातलाच."

"मी तसलं काही करत नाहीये, मॅम."

"मला माहितीये रे. त्यांना कुठे माहितीये? आणि आपली नोटीस नव्वद दिवसांची. एक सप्टेंबर कबूल कशाला केलीस?"

"ही नोकरी जुळवणारा कन्सल्टंट म्हणाला, साठ सांगा, नव्वद सांगितलं तर पुढे सरकवणारच नाहीत. उरलेल्या दिवसांचा बाय-आउट मागायचा असं ठरवलं होतं मी."

आता बाय-आउट म्हणजे नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवून घ्यायचे. मुलुंडवाले ते पैसे नंतर पगाराबरोबर परत देणार होते, तसं त्यांच्या ऑफरमध्येच होतं. पण आमच्याकडे पैसे भरतो म्हटलं की सुटलो असं नसतं. आधी लीडने होकार द्यावा लागतो. म्हणजे मी.

"मग माझ्याकडे आलास का नाहीस? मी काय खाते का तुला?"

तो ग्लास फिरवत बसला. मला काळजीच वाटायला लागली.

"घाटकोपरला सगळं ठीक ना? बाबा बरे आहेत?"

"ठणठणीत. रोज विचारतात, मुलुंडची गाडी कुठून पकडणार म्हणून."

"लग्न ठरलंय?"

"नाही हो!"

"अरे मग घरगुती म्हणजे कुणाच्या घरचं?"

"तुमच्या," तो म्हणाला.

तोंडाशी नेलेला ग्लास मी खाली ठेवला.

"तुम्ही त्या दिवशी मीटिंगमध्ये म्हणालात ना, गणपती झाले की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तीन आठवडे रजेवर आहे, क्लेमचं सगळं प्रितम बघेल. सप्टेंबरातच नवं व्हर्जन लाइव्ह जातंय. तुम्ही नाही आणि मी पण नाही, तर कोण बघणार? मी बाय-आउट मागितला असता तर तुम्ही दिला असतात. नक्की दिला असतात. आणि ऑपरेशन रद्द केलं असतं. म्हणून मागितला नाही."

मला भरून आलं. सरळ सांगते, टपरीवर, चार माणसांत भरून आलं. माझं आईशिवाय घरात कोणी नाही. आई जोगेश्वरीच्या आमच्या बिल्डिंगचे दोन मजले एकेक पायरी बसून उतरते, लिफ्ट नाही. हे ऑपरेशन ती दोन वर्षं टाळत होती आणि आता कुठे हो म्हणाली होती. हे सगळं ह्या पोराने ऐकून मनात ठेवलं आणि त्यापायी स्वतःचा हातातोंडाशी आलेला घास घालवायला निघाला.

भरून आलं की मला राग येतो. तो आलाच.

"तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा? माझी आई, तिचं ऑपरेशन, मी बघेन ना! तू एक तारखेला मुलुंडला जायचं. बस्स. विषय संपला."

"मॅम, पण..."

"चहाचे पैसे मी देते. निघ."

वर आले आणि पहिलं काम काय केलं, तर सिस्टिममध्ये त्याच्या राजीनाम्यावर जाऊन शेवटचा दिवस ऑक्टोबरचा ऑगस्टअखेर करून टाकला आणि होकार दाबला. मग पॅन्ट्रीत जाऊन आईला फोन लावला. म्हटलं, ऑपरेशन दिवाळीनंतर करू गं, ऑफिसात अडचण आलीये. कारण विचारल्यावाचून आई सोडते थोडीच? सगळं सांगावं लागलं.

"मगे जांवदे तेका," आई म्हणाली. "माजो गुडगो खंय पळान जाता?"

हसली पण. मी हसले नाही. रात्री कूस बदलताना ती दातांवर दात दाबते, ते भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. ती एकदा दिवाळीनंतर म्हणाली की पुढे संक्रांत येणार, मग शिमग्याला गाव, हे मला माहीत होतं. तरी मी ठरवलं ते ठरवलं. प्रितमची नोकरी उद्या संध्याकाळी जाणार होती. आईचं दुखणं जाणार नव्हतं, तिथेच राहणार होतं.

आता गंमत ऐका. मी पॅन्ट्रीत होते तेव्हा हा शहाणा जागेवर बसून दुसरा मेल लिहीत होता. ह्या वेळी नेटवरून नाही. एचआरला आणि त्याची तिथली मॅनेजर, गंधाली नावाची बाई, तिलाही. पाठवून झाल्यावर मला दाखवला. त्याच्या साध्यासुध्या इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा:

'आधीच्या मेलमध्ये मी घरगुती कारण लिहिलं, ते नीट लिहिलं नाही. कारण माझ्या घरचं नाही. माझ्या लीडच्या आईचं सप्टेंबरात ऑपरेशन आहे आणि त्यांच्यामागे काम सांभाळायला मीच आहे. नोटीस साठ दिवसांची सांगितली ती माझी चूक, ती नव्वदचीच आहे. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र जोडलं आहे, म्हणजे मी दुसरीकडे कुठे जात नाही याची खात्री होईल. सहा ऑक्टोबरला, सोमवारी, मी नक्की येतो. हे जमणार नसेल तर तसं सांगा, मी एक सप्टेंबरला हजर होईन. मला तुमच्याकडेच काम करायचं आहे.'

"अरे, माझ्या आईचं ऑपरेशन मुलुंडभर केलंस की!"

"तुम्हीच म्हणालात, त्यांना कुठे माहितीये. म्हणून सांगितलं."

शुक्रवारी दिवसभर काही नाही. जेवणाचा डबा मी तसाच परत नेला. पाचला त्याचा फोन वाजला. तो मीटिंग रूममध्ये गेला आणि मी काचेबाहेर फायली चाळायचं नाटक करत उभी राहिले. आमच्याकडे फायली नसतातच, हे सगळ्यांना माहीत आहे.

बाहेर आला तो फोन हातात तसाच धरून.

"काय म्हणाले? बोल ना रे!"

"गंधाली मॅडम होत्या. म्हणाल्या, लीडच्या आईसाठी? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, तुझ्या लीडला हे माहितीये? मी म्हटलं, त्यांनी काल रागाच्या भरात मला रिलीज करून टाकलंय."

"असं सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, सहा ऑक्टोबर चालेल. सुधारलेलं ऑफर लेटर सोमवारी पाठवतायत."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात बसला असावा, कारण सगळी टीम वळून बघायला लागली.

आता निस्तरायचं होतं ते मी केलेलं. आमच्या एचआरमधल्या मिहिरला फोन केला. म्हटलं, प्रितमचा शेवटचा दिवस मी अलीकडे आणलाय ना, तो परत ऑक्टोबरवर ने.

"म्हणजे त्याला पूर्ण नोटीस भरायचीये?" मिहिर म्हणाला. "स्वतःच्या मर्जीने? माणूस बरा आहे ना?"

"अगदी बरा आहे," मी म्हटलं. "बरा म्हणूनच तर."

गणपती झाले, विसर्जन झालं, आणि ठरल्या दिवशी आईचं ऑपरेशन झालं. नवं व्हर्जन त्याच आठवड्यात लाइव्ह गेलं. पहिल्या दिवशी मी दर थोड्या वेळाने फोन बघत होते. प्रितमचा एकच मेसेज आला होता: सगळं झकास, तुम्ही आईंकडे बघा.

दुपारी आईने डोळे उघडले. पायाला हे एवढं बँडेज, तोंड सुकलेलं. मी चमच्याने पाणी पाजलं. तिने माझ्या हातातला फोन पाहिला.

"तुज्या हापिसात आता कोण आसा गो?"

"प्रितम."

"तो सोडून चल्लो ना?"

आईशी बोलताना मी एरवी मराठी बोलते. त्या वेळी कसं कोण जाणे, तिचीच भाषा तोंडात आली.

"जातलो गो. पण आज आसा."

आईने हाताने चमचा बाजूला सारला.

"मगे तूय वायच नीज," ती म्हणाली.

मी फोन पर्समध्ये टाकला आणि तिच्या कॉटशेजारच्या बाकावर आडवी झाले.