भागोजीचा आकडा

"सहा म्हंजे काय?" भागोजीने विचारलं.

"सहा म्हंजे फकस्त पुरुषांकडं ओढ. शून्य म्हंजे फकस्त बायकांकडं. तीन म्हंजे दोन्हीकडं सारखी. बाकीचे आकडे मधल्या लोकांचे." रामचंद्र कंपाउंडरने हे सगळं कार्डाकडे बघत सांगितलं. भागोजीच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती नव्हती.

"आन ज्याला कोनाचंच काय वाटत न्हाय तो?"

"त्याला आकडा न्हाय. फुली."

"बरं हाय," भागोजी म्हणाला आणि बाकावर मांडी घालून बसला. जणू लग्नाच्या बैठकीलाच आला होता!

छप्पन सालचा मार्च होता. उरणच्या दवाखान्यात मुंबईहून एक पारशी डॉक्टर आठवडाभर आले होते. मिठागरावरच्या माणसांच्या पायांच्या जखमा तपासायच्या, हे सरकारी काम. पण त्यांना स्वतःचाही एक नाद होता. कुठल्याशा अमेरिकन प्राध्यापकाने काढलेली शून्य ते सहाची पट्टी घेऊन ते तिशीपुढच्या पुरुषांना विचारत सुटले होते. कार्डावर नाव नाही, गाव नाही, फक्त खुणेचा नंबर. डॉक्टर भला माणूस. मात्र त्यांचं मराठी चहा मागवण्यापुरतं, म्हणून दुभाष्या रामचंद्र. आगऱ्यांच्या घरातला पहिला मॅट्रिक, त्याचं इंग्रजी डॉक्टरांना फार आवडे. दोन दिवसांत अकरा जण लाजत, खिदळत शून्य सांगून गेले होते. भागोजी बारावा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता.

रामचंद्रला घाम फुटला होता, कारण भागोजी ज्या माणसाबद्दल बोलणार होता तो माणूस म्हणजे रामचंद्रच होता.

डॉक्टरांनी इंग्रजीत प्रश्न घातला. केलंय का, असं ते विचारत नसत. पहिल्यांदा कधी, असं विचारत, म्हणजे माणसाला नाही म्हणायचा मोह होत नाही. रामचंद्रने प्रश्न मराठीत सांगितला.

"इसाव्या वर्सी," भागोजी म्हणाला. "मिठागरावर एक मानूस हिशोब लिवायला व्हता. त्याच्याबिगर मना दुसरं काय दिसत नवतं. बायका नाय, पोरी नाय, काय नाय. चार वर्सं तशी गेली. मंग माजं राहीशी लगीन झालं. तवा मी घाबरलो व्हतो. पन राहीवर माजा जीव बसला. मन मारून न्हाय, खराच बसला. सात वर्सं त्या मानसाची सपनं पन पडली न्हायत. मंग आमचं पोर तापात गेलं. राही भिंतीकडं तोंड करून पडायची. तवा तो मानूस येऊन नुस्ता बसायचा माज्यापाशी. आन पुन्यांदा चालू झालं. आता दोगं हायत. राही हाय, तो पन हाय. एकावरचा जीव वाडला म्हनून दुसऱ्यावरचा आटला, असं झालं न्हाय. लिव म्हनावं, चोरी केल्यावानी वाटतं, पन खोटं वाटत न्हाय."

तो थांबला. रामचंद्रचे कान तापले होते. सात वर्षांत स्वप्नंही पडली नाहीत, हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. त्या सात वर्षांत त्याला मात्र दुसरं स्वप्न माहीत नव्हतं.

डॉक्टर पेन उघडून वाट पाहत होते. दाराबाहेर शिपाई होता, रांग होती, आणि पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांवरचं कायद्याच्या पुस्तकातलं कलम रामचंद्रने एकदा नगरवाचनालयात उभ्याउभ्या वाचलं होतं. दहा वर्षं, नाहीतर जन्मठेप. त्याला चार मुलं होती. बायकोला, केसरला, तर तो देवमाणूस वाटे. नाव कार्डावर जाणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याची जीभ वळली ती दुसरीकडेच.

"तरुणपणी एकदा दारूच्या भरात एका सोबत्याबरोबर चूक झाली," तो इंग्रजीत म्हणाला. "त्यानंतर फक्त बायको."

"इतकंच? तो तर बराच वेळ बोलत होता."

"खेड्यातली माणसं, साहेब. पाल्हाळ लावतात."

भागोजीने जन्मात दारूला हात लावला नव्हता.

डॉक्टरांनी कार्डावर आकडा टाकला. भागोजीने मान उंचावून पाहिलं. अक्षर येत नसलं तरी आकडे त्याला येत, मिठागरावर काचेची नळी खाऱ्या पाण्यात सोडून अंश तोच वाचत असे.

"एक?" तो म्हणाला.

या क्षणी भागोजी दोन शब्द ओरडला असता तरी डॉक्टरांनी दुसरा दुभाष्या मागवला असता. भागोजीने रामचंद्रकडे पाहिलं. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. मग तो डॉक्टरांकडे वळून हसला आणि मान डोलावली. लाज राखली ती रामचंद्रची.

"इचार त्यांना," तो उठताना म्हणाला, "पट्टी बरोबर हाय का? आमची नळी पानी किती जड ते सांगते. त्यात मीठ हाय का नुस्ता कडवटपना, ते नळीला कलत न्हाय. जीभ लावावी लागते."

एवढं मात्र रामचंद्रने शब्दाला शब्द सांगितलं. डॉक्टर खूश झाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बरोबर बोलतो हा. पट्टी कच्चीच आहे. दोघांसाठी जीव तुटणाराही तीन आणि दोन्हीकडे कोमट असणाराही तीन. किती ओढ आहे हे ती सांगत नाही, फक्त वाटणी सांगते. मनातलं आणि हातून घडलेलं एकाच आकड्यात कोंबते. शिवाय माणूस विसाव्या वर्षी पाच, तिशीत एक आणि चाळिशीत तीन असेल, तर काय लिहायचं? सरासरी काढली तर ती त्याच्या कुठल्याच वर्षाला लागू पडत नाही." ते हसले. "पण माणसांना दोनच रांगांत उभं करण्यापेक्षा एवढं तरी बरं, की मधे जागा आहे हे ती मान्य करते. आता तुमचं कार्ड राहिलं, मिस्टर रामचंद्र."

रामचंद्रने मनात आपला हिशोब मांडला. संसार बघितला तर एक. मन बघितलं तर सहा. पण दुसऱ्या कुठल्याही पुरुषाकडे त्याने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. एकाच माणसासाठी सगळं आयुष्य अडकून पडलं, त्याचा आकडा कुठला? सांगावंसं वाटलं, फार वाटलं. भागोजी अजून दारातच उभा होता, चप्पल पायात सरकवत.

"झीरो," रामचंद्र म्हणाला.

हा इंग्रजी शब्द भागोजीला कळला. गेले दोन दिवस अख्खं गाव तोच सांगून येत होतं.

तिसऱ्या प्रहरी रामचंद्र धावतपळत मिठागराच्या बांधावर गेला. भागोजी फावड्याने मिठाची रास सारखी करत होता.

"भागोजी, दारूच्या भरातली एक चूक, इतकंच सांगितलं मी त्यांना. कलम हाय रे. पोरं हायत माजी."

"हायत की."

"नाव गेलं असतं तर?"

"नाव मी घेतलं व्हतं का?" भागोजीने फावडं थांबवलं. "मी काय तुला बोलायला सांगत नवतो, रामा. तुजं तू झाकायचं व्हतं. पन माजं पन झाकलंस. ईस वर्सं दारूची चूक झाली व्हय?"

रामचंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तो तसाच बांधावरून घरी गेला. केसरने विचारलं, डोळे का लाल? मिठाची झळ लागली, म्हणाला.

डॉक्टर शनिवारच्या लाँचने गेले. जाताना त्यांनी त्याला चांगलं शिफारसपत्र दिलं, प्रामाणिक दुभाष्या म्हणून. ते पत्र त्याने केसरला वाचून दाखवलं नाही.

बुधवारी औषधाच्या खिडकीपुढे रांग लागली होती. भागोजी कधी रांगेत उभा राहत नसे, मागच्या दाराने आत येऊन स्टुलावर बसे. आज तो नऊ माणसांच्या मागे होता. नंबर आल्यावर त्याने बाटली पुढे केली.

"राहीला खोकला हाय. औषध द्या, कंपाउंडरसाहेब."

"आत ये ना. बस घटकाभर."

"न्हाय साहेब. मागं लोकं खोलंबलीत."

रामचंद्रने बाटली भरली, कागदाची पट्टी चिकटवली आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं ते सांगितलं. भागोजीने नीट ऐकून घेतलं, दोन्ही हातांनी बाटली घेतली आणि पुढच्याला वाट करून दिली.